सिंकमधलं फोल्डर डिलीट करून जागा होते म्हणणाऱ्यांना

कडकभाकरी: १२८ जीबीचा लॅपटॉप भरला की लोकं सिंक कुठलं ठेवू, कुठलं नको करत बसतात. कशाला नाटकं? वनड्राइव्हचं जुनं फोल्डर धरा, डिलीट मारा. क्लाउडवर असतंय की सगळं. काल ५० जीबी मोकळी केली.

टॉवेलवाला_एमआयडीसी: भावा, तू जागा नाही केलीस, माल फेकलास. सिंक फोल्डर म्हणजे झेरॉक्स नाही, दोन्हीकडून एकच वस्तू. इथं उडवलं की क्लाउडवरनं उडतं आणि तिथनं ऑफिसच्या पीसीवरनंपण. आमच्यात हेच झालंय, पोरानं घरी बसून "जुने डिझाइन" उडवलं आणि सकाळी अक्कलकोट रोडला मास्तर विचारतोय जॅकार्डच्या फायली कुठं गेल्या. आता माझं ऐक. माझ्याकडं क्लाउडवर २१० जीबी, लॅपटॉप १२८ चा, विंडोज आणि सॉफ्टवेअर जाऊन ५८ उरतात. खाली ढगाचं चिन्ह, गिअर, `Settings`, `Account`, `Choose folders`. तिथं सगळ्याची टिक काढली, फक्त "चालू ऑर्डरी" ठेवली, ती १८ जीबी. म्हणजे ४० मोकळे. टिक काढली की फोल्डर लॅपटॉपवरनं जातं, क्लाउडवर जसंच्या तसं राहतं. जुनं एखादं डिझाइन लागलं तर ब्राउझरमधनं तेवढी एक फाइल उतरवतो, नाहीतर फोल्डरच्या बाजूच्या बाणावर टिचकी मारून आतल्या एकाच पोटफोल्डरला टिक करतो. फक्त टिक काढायच्या आधी अपलोडचे निळे बाण फिरत नाहीत ना ते बघायचं.

शेंगाचटणी: पण १२८ पैकी १२८ दिसतातच कुठं? माझ्यात ११९ दाखवतंय. दुकानदारानं ९ जीबी खाल्ले!

सिद्धूअण्णा: कुणी खाल्ले नाहीत. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत. १२८ अब्ज बाइट विंडोजच्या हिशोबात ११९च येतात.

शेंगाचटणी: हिशोब मला नका शिकवू. किलोला हजार ग्रॅम म्हणून पैसे घेतले आणि घरी तराजूवर कमी भरलं तर मी दुकानदाराच्या दारात जाऊन बसते.

सिद्धूअण्णा: ताई, वजन तेवढंच हाय, तराजूवर खुणा वेगळ्या हाईत.

शेंगाचटणी: मग खोक्यावर तसं लिहावं की! दर वेळी गिऱ्हाइकानंच समजून घ्यायचं का?

गड्डा_रिटर्न: ओ, भांडण बाहेर. टॉवेलवाले, तुमचं पण जुनं झालं. आता फाइल्स ऑन-डिमांड असतंय, सगळी नावं दिसतात, पुढं ढग असला की डिस्कवर जागा खात नाही. टिका काढत बसायची गरजच नाही.

टॉवेलवाला_एमआयडीसी: अर्धं बरोबर. प्रॉपर्टीजमध्ये `Size on disk` बघितलं तर ढगवाल्याचं जवळपास शून्य दिसतं, ते मान्य. पण मास्तर ते सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करायला गेला की प्रत्येक फाइल आधी खाली उतरते. झिप केलं तरी तेच. संध्याकाळी डिस्क लाल. मग राइट क्लिक करून `Free up space` म्हणायचं. आणि ढगवाली फाइल डिलीट केली तरी ती सगळीकडनंच जाते, हे विसरू नका! एकट्या माणसाला चालेल, आमच्याकडं चार हात लागतात. जे दिसत नाही त्याला कुणी हात लावत नाही, म्हणून मी टिक काढतो.

गड्डा_रिटर्न: म्हणजे तुमच्या मास्तरचा प्रॉब्लेम, सॉफ्टवेअरचा नाही.

टॉवेलवाला_एमआयडीसी: मास्तर नसता तर कारखाना बी नसता.

नवीपेठ_ताई: मला पण विचारायचं होतं, मोबाइलमधले लग्नाचे फोटो डिलीट केले तर

सिद्धूअण्णा: ताई, तो विषय वेगळा, तो धागा वेगळा काढा. तोवर काही डिलीट करू नका.

कडकभाकरी: सगळे मिळून मला येडा ठरवायलात. आत्ता ब्राउझरमध्ये बघितलं. फोल्डर खरंच नाही.

टॉवेलवाला_एमआयडीसी: कालचंच हाय ना? डाव्या बाजूला `Recycle bin` उघड. घरगुती खात्यात ३० दिवस राहतं. मधे कुणी ते रिकामं केलं नसेल तर तिथनं `Restore` कर. फोल्डर परत आलं की लॅपटॉपवर उतरायला लागेल, लगेच `Choose folders` मध्ये जाऊन टिक काढ, नायतर परत तेच रडगाणं.

कडकभाकरी: सापडलं. रिस्टोअर चालू हाय. ठीक हाय, तुम्ही जिंकलात, गावात बॅनर लावू का?

शेंगाचटणी: बॅनर नंतर. माझ्या ९ जीबीचं काय ते आधी सांगा.