व्हीपीएन बंद केल्यावर सुसाट सुटलेलं नेट: तुमचे अनुभव लिहा

शेवगा

भाची सुट्टीला आलीय. काल लॅपटॉप उघडून म्हणाली, "मावशी, तुमचं वायफाय भंगार आहे गं." लगेच २०२० आठवलं. ह्यांचं घरून काम सुरू झालं आणि रोज नेटवाल्याच्या नावाने शंख. शेवटी तो मुलगा मास्क लावून आला, राउटरची वायर स्वतःच्या लॅपटॉपला लावली आणि ९४ दाखवले (आमचा प्लॅन १००चा). "काका, लाइन ओके आहे. तुमच्या मशीनमध्ये काय चालू आहे ते बघा." चालू होतं ऑफिसचं व्हीपीएन. तोडलं की ९४, जोडलं की ११! मग ह्यांनी त्याला चहा पाजला, सॉरी मात्र म्हटलं नाही.

भाचीच्या लॅपटॉपवरही असलंच काहीतरी दिसतंय. तुमच्याकडे असं झालंय का? कसं शोधलंत? लिहा.

चिंगी

+१. आमच्याकडे अजून शंखच चालू आहे.
कुकर लावून येते, सविस्तर लिहायचंय.

पन्हाळगड

व्हीपीएन म्हणजे एन्क्रिप्शन, त्यामुळे स्पीड निम्मा होणारच. रॅम वाढवा, फरक पडेल.

वायरमन

पन्हाळगड, एन्क्रिप्शनचा भार असतो, पण आजकालचे प्रोसेसर ते काम सहज करतात. स्वस्तातल्या राउटरवरच व्हीपीएन चढवलं तर तो दमतो, तिथे तुमचं बरोबर. रॅमचा मात्र इथे काही संबंध नाही. लॅपटॉपवर बहुतेक वेळा स्पीड खातं ते अंतर, नाहीतर पलीकडच्या सर्व्हरवरची गर्दी.

शेवगाताई, भाचीच्या लॅपटॉपवर चाचणी घेताना एक फसगत टाळा. स्पीड टेस्ट आपणहून जवळचा सर्व्हर निवडते. व्हीपीएन चालू असलं की तिला वाटतं तुम्ही परदेशात आहात, मग ती तिथलाच सर्व्हर धरते. म्हणजे एकदा मुंबईपर्यंतचं मोजलंत आणि एकदा भलत्याच गावचं. दोन्ही वेळा हाताने मुंबईचाच सर्व्हर निवडा. शक्यतो वायर लावून, आणि बंद, चालू, पुन्हा बंद अशा क्रमाने, लागोपाठ. शेवटचं 'बंद' महत्त्वाचं. ते पहिल्याइतकं आलं नाही तर मधल्या वेळात लाइनच बदलली, व्हीपीएनला दोष देता येत नाही. रात्री नऊला तर हमखास असं होतं. आणि फक्त एमबीपीएस बघू नका, पिंगही, म्हणजे निरोप जाऊन यायला लागलेला वेळ, लिहून घ्या.

माईची लेक

माझं बँकेचं ॲप व्हीपीएन चालू असलं की उघडतच नाही. तेही स्पीडमुळेच का?

वायरमन

नाही, बरीच बँक ॲप्स व्हीपीएन दिसलं की मुद्दाम अडवतात. तो वेगळा विषय.

बंड्या जर्सीवाला

इकडे न्यू जर्सीत मराठी मालिका बघायला व्हीपीएन घेतलंय. भारताचा झेंडा निवडला तरी चाक फिरतच राहतं. सासूबाई म्हणतात अमेरिकेत नेट इतकं वाईट कसं. काय सांगणार?

वायरमन

झेंड्यावर जाऊ नका. २०२२मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे नियम आले, व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची म्हणून. तेव्हा बऱ्याच मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले. झेंडा राहिला, पत्ता भारतातला मिळतो, मशीन मात्र सिंगापूर किंवा लंडनला. तुमच्या ॲपमध्ये त्या जागेपुढे 'व्हर्च्युअल' असं लिहिलंय का बघा.

बंड्या जर्सीवाला

अगागा. लिहिलंय की! म्हणजे जर्सी ते सिंगापूर ते मुंबई? मालिका दमली असेल बिचारी. लंडनवालं मिळतं का शोधतो.

शेवगा

केलं हो. वायर लावून, दोन्हीकडे मुंबईचा सर्व्हर. आकडे असे:
बंद: ९४, पिंग ६
चालू (भारताचा झेंडा): ३१, पिंग १३४
पुन्हा बंद: ९३, पिंग ६
भाची म्हणते १३४ म्हणजे काय, ताप आलाय का.

वायरमन

:)) हाच पुरावा. नाशिक किंवा पुण्याहून मुंबईला जाऊन यायला दहा मिलिसेकंदही लागत नाहीत. सिंगापूरला जाऊन यायला साधारण साठ-सत्तर. तुमचा प्रत्येक निरोप आधी सिंगापूरला जातो, तिथून मुंबईला येतो आणि उत्तर त्याच वाटेने परत. दोन फेऱ्या झाल्या, बेरीज जुळते. आणि पलीकडून पोचपावती आल्याशिवाय पुढचा माल फारसा सुटत नाही, म्हणून पिंग वाढला की स्पीडही बसतो.

आता सेटिंग्जमध्ये प्रोटोकॉल बघा. 'ओपनव्हीपीएन टीसीपी' असेल तर वायरगार्ड करून तसंच पुन्हा मोजा.

चिंगी

आले. आमचं व्हीपीएन नाही, अँटिव्हायरस आहे. बंद करून पाहिला, काहीच फरक नाही. म्हणजे तो निर्दोष?

कोथरूडकर

चिंगी, 'बंद' म्हणजे घड्याळाजवळच्या चिन्हावर जाऊन दहा मिनिटं पॉज? त्याने बऱ्याचदा वरवरचंच थांबतं, नेटच्या वाटेत बसलेला त्याचा फिल्टर तसाच राहतो. ब्राउझरमध्ये कुठल्याही साइटचं प्रमाणपत्र उघडून बघ. देणाऱ्याच्या जागी अँटिव्हायरसचंच नाव दिसलं तर तो प्रत्येक पान मधे उघडून तपासतोय. त्याच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीएस स्कॅन वेगळं असतं, तेवढंच बंद करून मोज. आमच्याकडे तेवढ्यानेच पानं पटापट उघडायला लागली. स्पीड टेस्टचा आकडा मात्र आधीही चांगलाच होता, म्हणून महिनोन् महिने कोणाला संशय आला नाही.
मोजून झालं की परत चालू कर, आणि तेवढ्या वेळात बँक वगैरे उघडू नकोस.

चिंगी

प्रमाणपत्रावर त्याचंच नाव आहे!! चोर घरातच. पण बंद करायचा पासवर्ड दिराकडे, आणि दीर दुबईत.

माईची लेक

माझं उलटंच. व्हीपीएन बंद केलं तर नेटच गेलं पूर्ण. भावाने राउटर रीसेट केला, आता वायफायचा पासवर्डही गेला.

कोथरूडकर

राउटरला उगाच शिक्षा. ॲपमध्ये 'किल स्विच' चालू असणार. व्हीपीएनचा बोगदा तुटला की सगळं नेट अडवायचं, हेच त्याचं काम. आधी तो बंद करायचा, मग व्हीपीएन. पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेला असेल.

पन्हाळगड

हे सगळं घरच्या मशीनला ठीक. ऑफिसच्या लॅपटॉपवर बंद करायचं बटणच राखाडी आहे. मग?

वायरमन

ते जबरदस्तीने बंद करायला जाऊ नका, नोकरीवर येईल. त्याच वायरला घरचा लॅपटॉप लावून मोजा. तो ठीक आला तर दोन्ही आकडे आणि वेळ लिहून आयटीला द्या. नुसतं 'नेट स्लो आहे' लिहिलंत तर ते तुम्हाला नेटवाल्याकडे पाठवतील. सगळा ट्रॅफिक ऑफिसमधून फिरवायचा की फक्त ऑफिसच्या कामाचा, हे त्यांच्याच हातात असतं.

पन्हाळगड

दिले होते आकडे. 'सुरक्षा धोरण' म्हणून तिकीट बंद केलं. आता मीटिंग चालू असली की बायकोला नेट वापरू देत नाही, दुसरा उपाय नाही.

चिंगी

वहिनींचा आयडी आहे का इथे? बाजू ऐकायला आवडेल.

शेवगा

वायरगार्ड केलं. आता चालू असताना ७२. पिंग तेवढाच, १३१. भाची म्हणते चालेल. पण तिला व्हीपीएन हवंय कशाला हे काही सांगत नाहीये.

बंड्या जर्सीवाला

शेवगाताई, तो वेगळा धागा काढा :))