मदत हवी आहे: इंक टँक प्रिंटर घ्यावा की लेझर? आणि टोनर खात्रीचा कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. फोंड्याला आमचं फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. बहुतेक प्रिंट काळ्याच, रंगीत क्वचित. इंक टँकची छपाई स्वस्त पडते हे मान्य, पण चतुर्थीच्या सुट्टीत मशीन बंद राहिलं की नोझलमध्ये शाई सुकते आणि हेड क्लीनिंगमध्ये बरीच शाई वाया जाते. शिवाय साध्या डाय शाईवर पावसाचा थेंब पडला की सही-शिक्क्याचा कागद गेलाच! म्हणून माझा कल लेझरकडे आहे. पावसाळ्यात कागद दमट होऊन अडकतो खरा, पण रिम डब्यात बंद ठेवता येते.

खरी अडचण टोनरची. मागे 'ओरिजिनल' म्हणून घेतलेल्या टोनरच्या खोक्याचं सील आधीच उचकटलेलं होतं, ड्रमवर ओरखडे होते आणि प्रत्येक पानावर ठराविक अंतराने तोच डाग यायचा. स्वतःच्या नावाने विकलेला कम्पॅटिबल टोनर मला चालेल. कंपनीचं खोटं खोकं नको. फोंडा, मडगाव किंवा पणजीत पक्कं बिल देणारा, बिघडल्यास बदलून देणारा कोणी आहे का? आणि रिफिल कोणी करून घेतं का? ड्रम किती रिफिल टिकतो?