दोन बाटल्या, एकच बोली

>"दोन्ही स्टीलच्या बाटल्या सारख्याच, बोलीही तीच. मग एकीवर ऑर्डर येतात आणि दुसरीवर नुसते क्लिकच का?"

बोली म्हणजे जाहिरातीवरच्या एका क्लिकसाठी आपण द्यायला तयार असलेली रक्कम. ऑनलाइन विक्रीत जाहिरातीचं काम गिऱ्हाईक वस्तूच्या पानावर आणून सोडण्यापर्यंतच. समजा क्लिक १० रुपयांना पडतो. १०० क्लिकमागे पहिलीला ८ ऑर्डर आल्या, तर एका ऑर्डरचा जाहिरातखर्च १२५ रुपये. दुसरीला ४ आल्या, तर २५०. बोली तीच, खर्च दुप्पट!

आधी रिव्ह्यूंची संख्या बघा. १० जणांची सरासरी ४.४ असताना एकाने १ तारा दिला, की साध्या हिशेबाने ती ४.१ वर येते. ८०० रिव्ह्यू असलेल्या बाटलीला तेवढ्याने काही होत नाही.

तारे आणि किंमत शोधयादीतच दिसतात, त्यामुळे क्लिकच कमी असतील तर दोष बहुधा तिथे (किंवा फोटोत). क्लिक येऊन ऑर्डर नसेल, तर वरचे वाईट रिव्ह्यू वाचा. "झाकण गळतं" एवढं एक वाक्यही पुरतं.

किंमत तपासायची तर बोली न हलवता दोन आठवडे दुसरीची किंमत पहिलीइतकी करा. शे-दोनशे क्लिकनंतरही तिच्या ऑर्डर वाढल्या नसतील, तर अडचण रिव्ह्यूंची समजा. तोवर तिची बोली वाढवू नका.