बार मित्स्वा 'होतो' की 'करतात'?

सबटायटलवाला: एका ज्यू कुटुंबावरच्या मालिकेची मराठी सबटायटल्स करतोय. आजोबा नातवाबद्दल अभिमानाने सांगतात की तो काल बार मित्स्वा झाला. मी आधी 'त्याचा बार मित्स्वा झाला' असं लिहिलं, तपासणाऱ्याने 'बार मित्स्वा केला' करून परत पाठवलं. नक्की काय बरोबर? आणि सोपा मराठी शब्द आहे का?

पेठकर: मुंज! सरळ मुंज लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळेल. मुलगा वयात आला, आता संध्या करायची, तसंच ते.

लोदची मावशी: पेठकर, अर्धंच बरोबर आहे हो. मुंज केली नाही तर मुंज झाली नाही, बरोबर? इथे तसं नाहीये. मुलगा हिब्रू कॅलेंडरने तेरा वर्षांचा झाला की त्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर (आमचा दिवस तेव्हाच सुरू होतो) तो बार मित्स्वा झाला, मग हॉल बुक केलेला असो नसो, सिनेगॉगमध्ये कोणी बोलावलेलं असो नसो. 'बार' म्हणजे अरामी भाषेत मुलगा आणि मित्स्वा म्हणजे देवाची आज्ञा, म्हणजे ज्याच्यावर आज्ञा लागू झाल्या तो. माणसालाच म्हणायचं ते. त्यामुळे आजोबा बोलतात तेच बरोबर, 'तो बार मित्स्वा झाला'. समारंभाबद्दल बोलताना मात्र इथे इस्रायलात लोदमध्येही आमची मराठी ज्यू मंडळी सर्रास 'बार मित्स्वा केला' म्हणतात, मीसुद्धा म्हणते.

जर्सीवासी: आम्हाला ऑफिसातल्या कलीगच्या मुलीच्या फंक्शनचं बोलावणं आलंय. पाकिटात १०१ घालू का?

लोदची मावशी: १०१ नको, १८च्या पटीत द्या, ३६, ५४ असं. हिब्रूत 'जिवंत' या शब्दाच्या अक्षरांची बेरीज १८ होते. पण शनिवारी सिनेगॉगमध्ये पाकीट काढू नका, कर्मठ घरात शब्बाथला पैशाला हात लावत नाहीत.

वाचनवेडी: म्हणजे तेराव्या वर्षी लग्नाला मोकळा?

लोदची मावशी: नाही ग बाई! इस्रायलात लग्नाचं वय अठरा. बदलतं ते धर्माच्या बाजूने. तोवर मुलाने काही मोडलं तर वळण लावायची जबाबदारी बापाची, आता दोष स्वतःचा. म्हणूनच मुलगा पहिल्यांदा तोरासमोर, म्हणजे आमच्या धर्मग्रंथासमोर, उभा राहिला की बाप एक छोटा आशीर्वाद म्हणतो, अर्थ असा की याच्या चुकीच्या शिक्षेतून मला सोडवणाऱ्या देवाची स्तुती असो. नवख्याला हसू येतं त्याचं. मग रोजचं काय, तर सकाळच्या प्रार्थनेला हाताला आणि कपाळाला तेफिलीन, म्हणजे धर्मवचनं ठेवलेल्या चामड्याच्या छोट्या डब्या, बांधायच्या, शब्बाथ आणि सण सोडून. योम किप्पुरचा साधारण २५ तासांचा उपास पूर्ण, पाणीसुद्धा नाही. लहानपणी थोडे थोडे तास सवय करवतात, तेव्हा भूक लागली म्हणून खाल्लं तर चालायचं, आता नाही. आणि मिन्यानमध्ये मोजणी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहांत तो धरला जातो.

अलिबागचा बाळ: हे दहाचं आमच्याकडे माहितीये, इस्रायल आळीत मित्र होता. गावातली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली, आता कोकणातल्या सिनेगॉगमध्ये दहा पुरुष जमवायचे म्हणजे फोनाफोनी. नऊ जण बसलेत आणि दहावा बारा वर्षांचा असेल तर उपयोग नाही, तेरा पूर्ण झालेला पोरगा आला की काम सुरू.

पेठकर: मग तारीख चुकली तर पंचाईतच की.

लोदची मावशी: होते ना, आणि इंग्रजी वाढदिवस धरला तर हमखास. आमच्याकडेही अधिक महिना असतो, अदार दोनदा येतो. समजा अशा वर्षी एक पोरगा पहिल्या अदारच्या २० तारखेला जन्मला आणि त्याचा चुलतभाऊ पंधरा दिवसांनी, दुसऱ्या अदारच्या ५ला. तेरा वर्षांनी अदार एकच असेल तर धाकटा ५ अदारला बार मित्स्वा होतो आणि थोरला २० अदारला. म्हणजे धाकटा आधी मिन्यानमध्ये!

सबटायटलवाला: भारी! आणि मुलींचं? पुढच्या भागात बात मित्स्वा आहे.

लोदची मावशी: 'बात' म्हणजे मुलगी, हिब्रूतला शब्द. कर्मठ लोकांत बारा पूर्ण झाले की, सुधारणावादी बऱ्याच ठिकाणी मुलींनाही तेराच धरतात. आज्ञा दोघांनाही लागू होतात, उपास आहेच, पण कर्मठांकडे मुलगी मिन्यानमध्ये मोजत नाहीत.

जर्सीवासी: आमच्याकडे ही मुलगी तोरा वाचणार आहे, सहा महिने क्लास चालू होता, गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात म्हणून सगळं आधी पाठ करावं लागतं म्हणे.

वाचनवेडी: हो, न्यूयॉर्कमध्ये १९२२ साली ज्युडिथ कॅप्लनने सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर वाचलं, अमेरिकेतली पहिली बात मित्स्वा तिची मानतात. वडील रब्बी होते.

पेठकर: तरी सबटायटलला मुंज चालली असती. वाचायला दोन सेकंद असतात माणसाला.

लोदची मावशी: नको हो पेठकर, मुलीच्या भागात काय लिहाल मग?

सबटायटलवाला: 'तो बार मित्स्वा झाला' ठेवतोय. तपासणारा परत बदलणार बहुतेक. आणि स्पेलिंग मित्स्वा, मित्झ्वा की मिट्झ्वा?

अलिबागचा बाळ: मित्राच्या घरी मित्स्वाच ऐकलंय, पण पेपरात मिट्झ्वा वाचलंय.