बोगद्यात गाडी अडकली तेव्हा तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

परवा संध्याकाळी चौपाटीकडून कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरलो आणि मध्यावर सगळं ठप्प. एरवी दोन-अडीच मिनिटांत पार होणारे दोन किलोमीटर, त्यात वीस मिनिटं बसलो. पुढे एक टेम्पो ट्रॅव्हलर बंद पडली होती. एसी बाहेरची हवा ओढत होता, डोळे चुरचुरायला लागले तेव्हा कळलं. हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलं, इंजिन बंद केलं. तुमचे अनुभव सांगा.

मीनल: मी शिरताच चारही इंडिकेटर लावते, सुरक्षित वाटतं.

सह्याद्री: थांबल्यावर लावा, मागच्याला कळतं. चालत्या गाडीत लावले तर लेन बदलताना तुमचा इंडिकेटर कुणाला दिसणार? आणि दिवे लो बीमवर. आत लख्ख उजेड असला तरी लावायचेच, आरशातून मागची गाडी त्यामुळेच दिसते. अप्पर लावलात की पुढच्याच्या आरशात झगझगाट.

बाबूराव: स्कूटरवाल्यांना कधी सोडणार ते सांगा आधी. मी अजून पेडर रोडनेच जातो.

जुना सुपरवायझर: मी बोगद्यांच्या कामांवर होतो, म्हणून एकच सांगतो. बंद पडलेली गाडी आणि धूर, या दोन वेगळ्या गोष्टी. नुसती रांग असेल तर गाडीतच बसा, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, म्हणजे बाजूला काढता येईल. धूर दिसला तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद, चावी आतच ठेवा. अग्निशमनवाल्यांना गाडी हलवावी लागते, आणि लोक चावी खिशात घालून पळतात. अशा एकेरी बोगद्यात पंखे हवा वाहतुकीच्या दिशेने ढकलतात. म्हणून आग पुढे असेल तर धूर तुमच्यापासून लांब जातो. तुम्ही मागे, हिरव्या पाटीच्या जवळच्या दाराकडे चालत जा. दाराआडचा जोडबोगदा शेजारच्या बोगद्यात उघडतो. तिथेच थांबा, सूचना येईपर्यंत पलीकडच्या रस्त्यावर उतरू नका, तिथे गाड्या धावत असू शकतात. गाडी वळवून उलटं निघणं तर नकोच.

मीनल: चावी आत? गाडी चोरीला गेली तर?

जुना सुपरवायझर: जळणाऱ्या बोगद्यातून कोण चोरून नेणार, ताई?

ठाणेकर: आमच्या बाबांना दमा आहे. इंजिन बंद केलं की एसी बंद, काचा उघडल्या की धूर. मे महिन्यात काय करायचं? मी अर्धा तास इंजिन चालूच ठेवलं. चुकलं का?

सह्याद्री: मीही तेच केलं असतं बहुतेक. पण सगळ्यांनी तेच केलं तर आतली हवाच खराब होते, हेही खरं.

अनघा: पावसाळ्यातली गंमत वेगळीच. एसीने थंडगार झालेल्या काचेवर आत शिरताच बाहेरून धुकं. मी आतून पुसत बसले! वायपर फिरवल्यावर दिसायला लागलं.