मोठे डोळे केले की माणूस हरवतो. पटतंय का?

मृण्मयी_स
मावशीच्या एका फोटोवरून त्रिमितीय अ‍ॅनिमेशनपटातल्या पात्रासारखा चेहरा केला. ब्लेंडरमध्ये, हाताने स्कल्प्ट करून. मऊ त्वचा, मोठे डोळे, केसांचे जाड पुंजके, मागून केशरी उजेड, सगळं जमलं. बघणारे म्हणाले, "किती गोड!" पण "अरे, ही तर तुझी मावशी" असं घरातलंही कुणी म्हणालं नाही. आता माझं मत असं झालंय की ही शैलीच माणूस पुसते. डोळे मोठे केले की कुणीही असो, एकच बाहुली निघते. पटत नसेल तर कारण सांगा. "सराव करा" नको.

दगडफूल
शंभर टक्के सहमत. या शैलीत नाक म्हणजे बटण, हनुवटी म्हणजे बोर आणि उरलेल्या जागेत डोळे. माणसाची ओळख डोळ्यांत असते, त्यांनाच हात लावला तर उरतं काय?

चिकणमाती
असहमत, आणि दगडफूल यांच्या शेवटच्या वाक्याशी तर फारच. मी बरीच वर्षं पात्रांची मॉडेलं करतोय. ओळख फक्त डोळ्यांत असती तर गॉगल लावलेला मित्र रस्त्यात ओळखू आला नसता. २००३ मध्ये सद्र, जरूदी आणि सिन्हा यांनी प्रसिद्ध लोकांच्या फोटोंतून एकदा डोळे आणि एकदा भुवया पुसून ते फोटो लोकांना दाखवले. भुवया नसताना ओळखायला जास्त अवघड गेलं. म्हणून माझा पहिला प्रश्न डोळ्यांचा नाहीच. मावशींच्या भुवया कुठे गेल्या?

मृण्मयी_स
भुवया आहेत हो. डोळ्यांना जागा हवी म्हणून वर सरकवल्या, इतकंच.

चिकणमाती
तिथेच घात झाला. आकडे घालून सांगतो, म्हणजे डोळ्यांसमोर येईल. मोठ्या माणसाचं नेत्रगोल साधारण २४ मिलिमीटरचं असतं आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर ६३ च्या आसपास. म्हणजे दोन गोलांमध्ये ३९ मिलिमीटर जागा, नाकाच्या दांड्यासाठी. गोल दीडपट केलं की ते ३६ चं होतं आणि मधे २७ उरतात. नाक अडचणीत आलेलं दिसतं म्हणून आपण डोळे बाजूला सरकवतो, मग भुवया वर ढकलतो. डोळे मोठे करायचा निर्णय एकच होता, पण त्यापायी अंतरं तीन बदलली: डोळ्यांमधलं, भुवई आणि पापणीमधलं, भुवई आणि केसांमधलं. मावशी त्या अंतरांत होत्या.

आणि आकार. उघड्या डोळ्याची फट रुंदीला साधारण ३० आणि उंचीला १० मिलिमीटर असते. तुम्ही ती रुंदीला किती आणि उंचीला किती वाढवलीत?

मृण्मयी_स
आता मोजलं. रुंदी ४२, उंची २५. जरा लाजच वाटली.

चिकणमाती
म्हणजे रुंदी दीडपटीच्या आत आणि उंची अडीच पट. तुम्ही डोळे मोठे नाही केले, गोल केले. मोठे डोळे कुणाचेही असू शकतात, पण गोल डोळे सगळ्यांचे सारखे दिसतात. तीनास एक हे प्रमाण राखा, फार तर अडीचास एकवर आणा. वरच्या पापणीने बुबुळाचा वरचा काठ थोडा झाकलेला असतो, तो मोठ्या डोळ्यातही तसाच झाकला पाहिजे. बुबुळाच्या वर पांढरं दिसलं की माणूस दचकल्यासारखा दिसतो, मग ओठांवर कितीही हसू कोरा.

पाऊसवेडा
माझ्या मते अडचण त्वचेची आहे. या शैलीचा जीव म्हणजे आतून उजळणारी त्वचा. `Subsurface` चांगलं वाढवा, सावल्या मऊ होतील, चेहरा प्रेमळ दिसेल. माझ्या सगळ्या रेंडरांत मी ते सढळ हाताने ठेवतो.

चिकणमाती
अर्धं बरोबर. त्वचेत शिरलेला प्रकाश आत पसरून बाहेर येतो. लाल सर्वांत लांब जातो, निळा सर्वांत कमी, म्हणून उजेड आणि सावलीच्या सीमेवर तांबूस झाक दिसते. ती हवीच. पण सावली मऊ करायचं काम दिव्याच्या आकाराचंही असतं. लहानसा दिवा ठेवून त्वचेकडून मऊपणा काढायला गेलात की चेहऱ्याची मेणबत्ती होते. आधी मुख्य एरिया लाइट डोक्याच्या दोन-तीन पट रुंद करून बघा, मग त्वचेला हात लावा.

मृण्मयीताई, तुमचं डोकं खऱ्या मापाचं आहे का, म्हणजे २२-२४ सेंटिमीटरचं? आणि `Subsurface Scale` किती आहे?

मृण्मयी_स
हो, खऱ्या मापाचं. स्केलला हात लावला नाही. `0.05` दिसतंय.

चिकणमाती
ते मीटरमध्ये असतं. तुमच्या मावशींच्या गालात लाल प्रकाश पाच सेंटिमीटरच्या हिशेबाने पसरतोय, म्हणजे नाकाच्या या बाजूने शिरून त्या बाजूने बाहेर. `0.005` करून बघा. ओळखायची खूण सांगतो: मागचा दिवा बंद करा. तरीही कान लालबुंद दिसत असतील आणि नाकपुडीखालची सावली व ओठांमधली रेघ पुसट असेल, तर स्केल जास्त आहे. पाऊसवेडा यांचं डोकं बहुधा दोन मीटरचं असेल, म्हणून त्यांना सढळ हात चालतो.

पाऊसवेडा
😄 दोन मीटर दहा. आजवर मापाकडे पाहिलंच नव्हतं.

शुभदा७
छान चर्चा. मला पण नवऱ्याच्या वाढदिवसाला असं करायचंय, पण मातीत की प्लास्टिकमध्ये? रंग जातो का नंतर?

दगडफूल
शुभदाताई, इथे पडद्यावरच्या चित्राबद्दल चाललंय, मूर्तीबद्दल नाही.

शुभदा७
अस्सं. मग फोटोच चालेल. त्याला चष्मा आहे, जाड काड्यांचा. मोठे डोळे केले तर चष्म्यात मावतील का? की चष्मा काढूनच टाकू?

चिकणमाती
काढू नका. चष्म्याची वरची काडी ही त्यांची दुसरी भुवईच आहे. डोळ्यांबरोबर चष्माही मोठा करा आणि फोटोत भुवई काडीच्या वर जितकी दिसते तितकीच दिसू द्या. काचा मात्र जवळजवळ सपाट ठेवा. खऱ्या नंबरसारखी जाड भिंगं केलीत तर त्यांच्यामागचे डोळे पुन्हा लहान-मोठे दिसतील आणि हिशेब परत पहिल्यापासून.

रेघोट्या
केसांबद्दल कुणी बोललं नाही. मृण्मयी, मावशींचे केस कसे आहेत?

मृण्मयी_स
मधोमध भांग, मागे अंबाडा. भांगाच्या डावीकडे पांढरी बट आहे, तिशीपासूनची. मॉडेलमध्ये सगळे केस एकाच गडद रंगाचे केले, कारण शैलीत "साधे केस" असतात ना.

रेघोट्या
अगं, मग तू मावशीच काढून टाकलीस! साधे केस म्हणजे केस मोजायचे नाहीत, पंचवीस-तीस पुंजक्यांत भागवायचं. कुठला पुंजका ठेवायचा हे मात्र आपण ठरवायचं. मी पहिला पुंजका नेहमी तोच ठेवते, ज्यावरून घरचे त्या माणसाची खोडी काढतात.

चिकणमाती
+१. आणि त्या बटेवर मागच्या केशरी दिव्याचा पट्टा येऊ देऊ नका, नाहीतर ती पांढरी नसून फक्त उजळलेली वाटेल. दिवा दुसऱ्या बाजूला, डोक्याच्या बराच मागे न्या. नाकाच्या शेंड्यावर केशरी ठिपका पडला की समजा तो फार पुढे आलाय. रंग फिका वाटला तर तीव्रता वाढवू नका, कमी करा. ब्लेंडर ४.० पासून मूळ सेटिंग `AgX` आहे आणि त्यात फार तेजस्वी केशरी पांढुरक्याकडे झुकतं. लोक दिवा वाढवत जातात आणि कड अजूनच फिकी पडते.

मृण्मयी_स
चार दिवसांनी परत आले. डोळ्यांची फट ४२ बाय १६ केली, गोल दीडपटीवरून १.३ पटीवर आणलं, भुवया फोटोतल्या अंतरावर खाली घेतल्या. स्केल `0.005`. बट पांढरी, दिवा उजवीकडे. मग चित्र अगदी लहान करून, नाव न सांगता, मामेभावाला पाठवलं. त्याचं उत्तर: "आत्या रागावलीये का?"

म्हणजे ओळखलं! पण राग कुठून आला?

रेघोट्या
भुवया खाली घेताना आतली टोकं जास्त खाली आली असतील. फोटोवर आडवी रेघ मारून दोन्ही टोकं ताडून बघ.

चिकणमाती
हे असेलही. मला मात्र सुरकुत्यांचा संशय आहे. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या हसण्याच्या रेघा तुम्ही गुळगुळीत केल्या असणार. त्या गेल्या की खाली आलेली भुवई रागाची वाटते. दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन उथळ घड्या कोरा, टेक्श्चरमध्ये रंगवू नका.

पाऊसवेडा
इथे मी भांडणार. घड्या आल्या की ती शैली राहिली कुठे? मऊ त्वचा हाच तर मूळ विषय आहे. मोठे डोळे आणि खरी त्वचा एकत्र आली की भयाण दिसतं, हे सगळ्यांनी पाहिलंय.

चिकणमाती
भयाण दिसतात ती छिद्रं, डाग, बारीक सुरकुत्यांचं जाळं. दोन ठळक घड्या हा आकार आहे, पोत नव्हे.

पाऊसवेडा
साठीच्या बाईच्या चेहऱ्यावर दोनच घड्या हेही खोटंच की. मग पूर्ण खोटं का नको?

मृण्मयी_स
दोन्ही करून मावशीलाच दाखवलं. तिने घड्यांशिवायचं ठेवून घेतलं. मामेभावाने घड्यांचं मागून घेतलं.

दगडफूल
म्हणजे मी जिंकलो की हरलो?

रेघोट्या
दगडफूल, तुमचा एक फोटो पाठवा. चष्मा असेल तर चष्म्यासकट.