अनुभव धागा: पहिली गाडी, बाजाराची गर्दी अन् मागे डबलसीट

पांढरंसोनं: जुन्या राजदूतच्या गोष्टी निघाल्या घरात, म्हणून धागा. भाची रोज खेड्यातून दारव्ह्याला जाणार, बाजाराच्या दिवशी मागे आई. गाडी कधी चालवली नाही. स्कूटी की मोटारसायकल?

गॅरेजकट्टा: खरी परीक्षा बैलगाडीच्या मागे, चालीच्या वेगात. मोटारसायकलीत क्लच अर्धा धरून वेग राखता येतो, पण नवख्याचा क्लच झटक्यात सुटला की गाडी बंद आणि मागच्याचं डोकं पाठीवर. स्कूटीत क्लच आपोआप. ॲक्सिलेटर पूर्ण सोडला की गाडी मोकळी होते, परत पिळला की उसळते. म्हणून गर्दीत ॲक्सिलेटर किंचित धरून ठेवायचा अन् वेग डाव्या ब्रेकनं हलकेच दाबायचा. हँडल वळलेलं असताना उजवा ब्रेक जोरात लागला तर गाडी तिथंच आडवी होते.

खडीसडक: स्कूटीले कॉम्बी ब्रेक राहते ना बाप्पा. डावा दाबला का दोन्ही चाकं थांबते. उजव्याचं कामच काय?

गॅरेजकट्टा: अर्धं बरोबर. डाव्या दांडीनं पुढच्या ब्रेकला थोडाच वाटा जातो. 40 च्या वेगावरून, त्यात डबलसीट, सरळ रेषेत थांबायचं तर दोन्ही दांड्या लागतात. पुढचा हळूहळू वाढवत.

हळदीचं_वावर: हवा कोणी सांगतच नाही! 110 च्या बऱ्याच स्कूटींना मागच्या चाकात एकट्याला 29, डबलसीटला 36 पीएसआय. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा, अन् हवा चाक थंड असताना भरा. कमी असली की वळणावर मागची बाजू डुलते, खड्ड्यात रिम ठोकते. आईला शक्यतो दोन्हीकडे पाय टाकून बसवा. एका बाजूला बसल्या तर चालीच्या वेगात हँडल सारखं सावरावं लागतं. पदर खोचलेला, साडी गार्ड घट्ट. हेल्मेट दोघींना.

खडीसडक: पण पावसात खड्डा पाण्यानं भरला का स्कूटीचं लहान चाक आत बसते. मोटारसायकलचं 18 इंची निघून जाते. मी तं मोटारसायकलच म्हणीन.

गॅरेजकट्टा: खड्ड्यांचं मान्य. रस्ता जास्त खराब की गर्दी जास्त, त्यावर आहे.

तुरीची_शेंग: स्कूटीत समोर ढेपीचं पोतं बसते का? 50 किलोचं हाये.

हळदीचं_वावर: ते डबलसीटपेक्षा वाईट. पोत्याला हँडल अडकलं की वळणच घेता येत नाही.

नदीकाठ: लायसन्सचं पाहा पहिले. बिनगिअरचं काढलं तर त्यावर मोटारसायकल चालत नाही. पुढं मोटारसायकल घ्यायची असंल तर गिअरवालीवरच टेस्ट द्या.

पांढरंसोनं: हे डोक्यातच नव्हतं. तिला विचारतो.

तुरीची_शेंग: ढेपीचा भाव काय सुरू हाये तिकडं?